यमुताईंच्या खांबासमोरचा दिवा

सोमवारी कीर्तनाचा पूर्वरंग चांगला रंगात आला होता. कीर्तनकार अरुंधतीबाईंनी झांज छातीशी धरली, डोळे मिटले आणि नेमका तेव्हाच त्यांच्या डोक्यावरचा दिवा गेला. टिक असा बारीकसा आवाज झाला, तो एकट्या मार्तंडला ऐकू आला. तीस वर्षं वायरमनचं काम केलेल्या माणसाचे कान, कीर्तनाच्या नादातही त्यांचं एक टोक छताकडे असायचंच. बाई डोळे उघडून पुन्हा गाऊ लागल्या. श्रोत्यांना फार काही वाटलं नाही. आवाज तर तोच होता.

मार्तंडची नजर मात्र डावीकडच्या दुसऱ्या खांबाकडे गेली. तिथे त्याची मोठी बहीण यमुताई आपल्या सतरंजीवर बसल्या होत्या आणि मान पुढे काढून, डोळे बारीक करून अंधारात काहीतरी शोधत होत्या.

यमुताईंना गेली पंधरा वर्षं ऐकू येत नव्हतं म्हटलं तरी चालेल. कानातलं यंत्र होतं, पण मंदिराचा भोंगा सुरू झाला की ते शिट्टी मारायचं, म्हणून त्या देवळाच्या पायरीवरच ते काढून बटव्यात टाकत. त्या कीर्तन ऐकत ते डोळ्यांनी. कीर्तनकाराच्या तोंडावर नजर लावून बसायचं, ओठ वाचायचे, भुवया वाचायच्या, झांजेचा हात कधी खाली येतो ते पाहायचं आणि त्यातून आख्यान जुळवत न्यायचं. लहानपणी आई गेल्यावर याच यमुताईंनी मार्तंडला कडेवर घेऊन गावोगावची कीर्तनं ऐकवली होती. त्याला झोप आली की मांडीवर घेत आणि दुसऱ्या दिवशी राहिलेली गोष्ट स्वयंपाक करता करता पूर्ण सांगत. म्हणून सक्करदऱ्याच्या या छोट्या दत्तमंदिरात कीर्तनकाराची जागा ठरवताना मार्तंडनं कोणालाही न सांगता एक सोय केली होती. छताच्या चार दिव्यांपैकी एक असा लावला होता की, तो बरोबर कीर्तनकाराच्या चेहऱ्यावर पडावा आणि दुसऱ्या खांबापाशी बसलेल्या बाईला ओठ स्वच्छ दिसावेत.

तोच दिवा गेला होता.

मंदिराच्या वर्धापनाची कीर्तनं चार दिवसांची, सोमवार ते गुरुवार. मार्तंडनं मनात म्हटलं, उद्या दुपारी बदलून टाकू, त्यात काय मोठं.

मंगळवारी दुपारी तो शिडी लावून वर चढला. छतातली चकती खाली ओढली. जुना हॅलोजन, पन्नास वॅटचा, आतून काळा पडलेला, तार तुटलेली. चौदा वर्षांच्या उष्णतेनं भोवतीचं पीओपी पापडासारखं तपकिरी झालं होतं. तसला हॅलोजन आता दुकानात सहसा मिळत नाही आणि मिळाला तरी विजेचा भुक्कड. म्हणून मार्तंडनं येतानाच त्याच दोन पिनांचा एलईडी आणला होता. बारा व्होल्टचा, सहा वॅटचा. जुना बारा व्होल्टचा, नवा बारा व्होल्टचा. पिना खटकन बसल्या. बटण दाबलं, दिवा लागला. दोन मिनिटं त्यानं खाली उभं राहून पाहिलं आणि समाधानानं शिडी मिटली.

संध्याकाळी पेटीवाले सुमंतराव नेहमीप्रमाणे आधी येऊन बसले. बाई आल्या तसं त्यांनी विचारलं, "ताई, पट्टी तीच न? काळी चार?" बाईंचा गळा जरा बसला होता. त्या म्हणाल्या, आज पांढरी तीनच ठेवा. सुमंतरावांनी बोटं दुसरीकडे सरकवली. मार्तंडनं हे शेकडो वेळा पाहिलं होतं. त्या दिवशीही नुसतं पाहिलं आणि विसरला.

कीर्तन सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, दिवा लुकलुकायला लागला. आधी डोळा मारल्यासारखा एकदा. मग थांबून दोनदा. मग काजव्यासारखा, लागतो, विझतो, लागतो, विझतो, त्याला ना ताल ना सम. बाई कसलेल्या होत्या, त्यांनी त्यावरच एक कोटी करून लोकांना हसवलं. मागे कोणीतरी म्हणालं, "मार्तंडकाकानं लग्नाचं लायटिंग लावलं वाटते." लोक पुन्हा हसले. मार्तंडही हसल्यासारखं करत उठला आणि बटणापाशी गेला, पण तोवर यमुताई उठल्या होत्या. कपाळ दाबत, खांबाला हात लावत, कोणाच्या पायावर पाय पडणार नाही असं जपत त्या बाहेर पडल्या. मार्तंडनं दिवा बंद केला. उरलेलं कीर्तन बाईंनी अंधाऱ्या चेहऱ्यानं केलं.

आरती झाल्यावर त्यानं रिकाम्या सभामंडपात पुन्हा शिडी लावली. आता त्यानं दिवा नाही, दिव्यामागचा डबा बाहेर ओढला. प्रत्येक हॅलोजनमागे छतात एकेक छोटा ट्रान्सफॉर्मर होता, घरच्या विजेचे बारा व्होल्ट करून देणारा. चौदा वर्षांपूर्वी त्यानंच तो बसवला होता. धूळ पुसून चष्मा लावला आणि वाचलं. भार वीस ते साठ वॅट. म्हणजे निदान वीस वॅट ओढणारं कोणी समोर असेल तरच हा गडी नीट काम करणार. पन्नासचा हॅलोजन होता तोवर तो सुखात होता. आता समोर सहा वॅटचं लेकरू बसवलेलं, ते त्याला जाणवेना. जाणवलं की चालू, नाही जाणवलं की बंद. दिवा वाईट नव्हता, डबाही वाईट नव्हता. दोघांची गाठ चुकली होती आणि ती मार्तंडनं घातली होती. बारा व्होल्ट जुळले म्हणून त्यानं पुढे विचारलंच नव्हतं.

बुधवारी सकाळी तो बहिणीकडे गेला. यमुताई आणि त्यांचे यजमान मनोहरराव तलावाच्या अंगाला दोन खोल्यांच्या घरात राहत. मनोहरराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, स्वभावानं गरीब, पूजेअर्चेत फार नेमके. मार्तंडनं त्यांना खिडकीपाशी खुर्ची सरकवायला सांगितलं आणि स्वतः उजेडाकडे तोंड करून बसला. बहिणीशी बोलायची त्याची हीच रीत होती. ओठ सावकाश हलवत तो म्हणाला की चूक माझी आहे, आज दुरुस्त करतो.

यमुताईंनी त्याचे ओठ शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाल्या, "माही सतरंजी आणून दे गा देवळातून."

"काहून?"

"काहून म्हणजे? बसणं नाही होत तं सतरंजी कायले तिथं ठेवाची?" त्या हसल्या, पण हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "लोकं हसले का मी हसते, मार्तंडा. लोकं हात जोडतात तवा मी जोडते. मागच्या दोन वर्षांत हेच जास्त होऊन राहिलं. त्यात काल तिचं तोंड तुकड्यातुकड्यानं दिसलं. हे काही ऐकणं नोय. मी घरीच नाव घेत बसीन."

मार्तंडनं सांगून पाहिलं. त्या मान हलवत राहिल्या. निर्णय झाला होता, आणि यमुताईंचा निर्णय म्हणजे काय ते त्याला वयाच्या चौथ्या वर्षापासून माहीत होतं. त्या संध्याकाळी त्या खरंच आल्या नाहीत. कीर्तन समितीचा जितेंद्र, कामाला वाघ पण धीर कमी असा मुलगा, त्यानं मंडपवाल्याकडून एक मोठा फोकस आणून खांबाला बांधून पाहिला. तो थेट बाईंच्या डोळ्यांत गेला, पाणी यायला लागलं, शेवटी काढावा लागला. मार्तंडनं कीर्तन संपल्यावर सतरंजीची घडी केली आणि स्कूटरच्या डिकीत ठेवली. घरी नेऊन द्यायचं धाडस त्याला झालं नाही.

सकाळी बहिणीच्या घरून निघताना मात्र दारात एक गोष्ट घडली होती. मनोहरराव चपलेपर्यंत आले आणि हळूच म्हणाले की नवा दिवा माझ्याकडून राहू द्या, यमूच्या नावानं सेवा, पूजा करून उद्या आणतो. मार्तंडनं जुन्या दिव्याची चकती मापासाठी त्यांच्या हातात दिली, कारण छतातलं भोक तेवढंच होतं, आणि बजावून सांगितलं, "भाऊजी, नुसता दिवा नका आणू. ड्रायव्हरसकट पूर्ण सेट मांगा. एलईडीले सोबत वीज मापून देणारा एक पांढरा डबा येते, तो पाहिजेच." मनोहररावांनी ते कागदावर लिहून घेतलं. कोणतीही गोष्ट लिहून घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत.

गुरुवारी दुपारी तीन वाजता मनोहरराव देवळात आले. पांढरा सदरा, टोपी, हातात लाल कापडात गुंडाळलेलं काहीतरी आणि नारळ. जितेंद्र आणि मार्तंड शिडीपाशी वाट पाहत होते. कापड उलगडलं. दिवा सुंदर होता. मधोमध पिवळी टिकली, मागे पाकळ्यापाकळ्यांचा ॲल्युमिनियमचा गोळा, माप अगदी बरोबर. कडेला हळद आणि कुंकवाची पाच बोटं. पाठीमागून दोन बारीक वायरी आणि त्यांच्या टोकाला छोटा प्लग.

"आणि डबा?" मार्तंडनं विचारलं.

मनोहररावांनी कापड झटकलं. मग खिसे पाहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ते सांगू लागले तेव्हा आवाज अगदी लहान झाला होता. काल तिन्हीसांजेला दिवा आणि पांढरा डबा दोन्ही ताम्हनात ठेवून त्यांनी पूजा केली होती. दोघांनाही कुंकू लावलं, कारण जोडीनं आलेली वस्तू, एकाला लावून दुसऱ्याला वगळायचं कसं. मग झेंडू वाहिला, शेवंती वाहिली, बरीच वाहिली. आज सकाळी दिवा तेवढा उचलून कापडात बांधला. ताम्हनातली फुलं निर्माल्याच्या पिशवीत ओतली आणि पिशवी नेहमीसारखी निर्माल्य नेणाऱ्या गाडीवाल्याच्या हातात दिली.

"फुलाखाली राहिला तो," मनोहरराव म्हणाले. "मी फुलांसंगंच देऊन दिला."

जितेंद्रला हसू आवरेना. तो पलीकडे जाऊन हसला आणि परत आला. मार्तंड हसला नाही. इतकी भक्ती आणि इतका गोंधळ एकाच माणसाच्या हातून होतो, तेव्हा रागवायचं कोणावर? त्यानं गाडीवाल्याला फोन लावून पाहिला. गाडी दुपारीच रिकामी होऊन गेली होती. डबा एव्हाना झेंडूच्या ढिगाखाली खत व्हायच्या मार्गावर होता.

कीर्तन सातला. आज शेवटचं.

जितेंद्र मंदिराच्या मागच्या खोलीत गेला आणि कपाटातून एक पांढरा डबा घेऊन धावत आला. गेल्या वर्षी दरवाजावरचा मोठा दिवा माकडांनी पाडला होता, त्याचा हा ड्रायव्हर शिल्लक राहिला होता. त्यानं दिव्याचा प्लग घेतला, डब्याच्या प्लगात घालून पाहिला. बसला.

"काका, बसून राहिला न बरोबर. लावा, झालं काम."

मनोहररावांच्या डोळ्यांत आशा आली. मार्तंडनं डबा हातात घेतला. वजनाला चांगला होता. प्लग जुळत होता. वायर जोडायला पाच मिनिटं, घरी जाऊन अंघोळ करून बहिणीला आणायला अजून पुष्कळ वेळ. शिडीची दुसरी पायरी चढेपर्यंत तो गेलाही. तिथे त्याचा पाय थांबला. मंगळवारीही असंच खटकन बसलं होतं.

तो खाली उतरला, चष्मा लावला आणि आधी दिव्याची पाठ वाचली. छत्तीस व्होल्ट, तीनशे मिलिअँपिअर. मग डबा. पंचवीस ते बेचाळीस व्होल्ट, सहाशे मिलिअँपिअर.

"हा नाही चालत," तो म्हणाला.

जितेंद्रनं विचारलं की दिवा लागणार नाही का. मार्तंडनं खरं ते सांगितलं. लागेल, झक्क लागेल, पाहिजे त्यापेक्षा जास्त उजेड देईल. हा डबा समोर कोण आहे ते न पाहता सहाशेचा प्रवाह ढकलत राहणार आणि दिव्याची ताकद तीनशेची. दुप्पट करंट जाऊन तो आतून भाजेल. कदाचित आठवडा काढेल, कदाचित आजचं आख्यानही काढणार नाही.

"दोन तासांचाच तं प्रश्न आहे, काका."

मार्तंडला एकदम सुमंतरावांची बोटं आठवली. ताई, पट्टी कोणती, असं विचारून सरकलेली. पेटी किती चांगली, हा प्रश्नच नव्हता. बाईंचा गळा पांढरी तीनचा असताना पेटीवाला काळी चारला बसला असता, तर बाई ओढूनताणून गायल्याही असत्या एक दिवस. दुसऱ्या दिवशी गळा संपला असता.

"जितेंद्र, पेटीवाला गाणाऱ्याले पट्टी विचारते का नाही? मग पेटी धरते. आपणही दिव्याले विचारू. मी मंगळवारी नाही विचारलं, त्याचं फळ सगळ्या गावानं पाह्यलं." त्यानं दिवा कापडात पुन्हा गुंडाळला. "इतवारीले जाऊन येतो. भाऊजी, तुम्ही मागं बसा."

इतवारीच्या बाजारात कृष्णकांतशेठच्या विजेच्या सामानाच्या दुकानात मार्तंड पंचवीस वर्षं जात होता. दुकान बोळात, रुंदीला दोन माणसांचं आणि खोलीला न संपणारं. मनोहरराव लाल कापड छातीशी धरून दारात उभे राहिले. कृष्णकांतशेठनं कापडातून निघालेल्या दिव्यावरचं कुंकू पाहिलं, मनोहररावांकडे पाहिलं. त्या कंपनीचा ड्रायव्हर सुटा येत नाही, इतकंच म्हणाले.

मार्तंड म्हणाला की कंपनी कोणतीही चालेल, आकडे जुळले पाहिजेत. तीनशे मिलिअँपिअरचा आणि छत्तीस व्होल्ट ज्याच्या पोटात बसतात असा.

शेठनं पहिला डबा टाकला. तीनशेचाच होता. मार्तंडनं उजेडाकडे धरला. नऊ ते चोवीस व्होल्ट. त्यानं परत ठेवला. याची उडी चोवीसपर्यंतच, छत्तीसच्या दिव्यापर्यंत याचा हात पोचणार नाही, एक तर लागायचा नाही नाहीतर पुन्हा काजवा. दुसरा डबा बारा व्होल्टचा निघाला, एलईडी पट्टीच्या लायटिंगसाठीचा. त्याची जातच वेगळी, तो व्होल्ट धरून ठेवतो आणि करंट दिव्यावर सोडतो. या दिव्याला करंट धरून ठेवणारा हवा होता. तो बाजूला गेला. शेठ स्टुलावर चढले, वरच्या फळीवरून खोके काढली, फुंकर मारली, शिंकले. तिसरा डबा. तीनशे मिलिअँपिअर, चोवीस ते बेचाळीस व्होल्ट, बारा वॅटपर्यंत. मार्तंडनं मनात गुणाकार केला. छत्तीस गुणिले शून्य पूर्णांक तीन, अकराच्या थोडं आत. बाराच्या आत बसलं.

"हाच," तो म्हणाला.

तिथेच त्यानं जोडून पाहिला. आधी दिवा ड्रायव्हरला जोडला आणि मगच घरची वीज दिली, उलटं नाही. चालू ड्रायव्हरला दिवा चिकटवला तर पहिल्या झटक्यातच तो जाऊ शकतो, हे त्यानं शेठच्या दुकानातल्या माणसालाही ऐकू जाईल असं मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. दिवा लागला, शांत, पिवळसर. मग मार्तंडनं चहा मागवला. मनोहररावांना घाई होती, त्यांची नजर सारखी घड्याळाकडे जात होती, पण मार्तंड पाव तास त्या दिव्यासमोर बसून राहिला. चहा संपल्यावर पाठीच्या पाकळ्यांना बोट लावलं. गरम होत्या, पण बोट ठेवता येत होतं. दिव्यानं एकदाही डोळा मिटला नव्हता. तेव्हा कुठे तो उठला.

देवळात परत यायला साडेपाच झाले. मेन बंद करून मार्तंड शिडीवर चढला. जुना ट्रान्सफॉर्मर त्यानं पूर्णपणे काढून घेतला. जितेंद्रनं खालून विचारलं की तो आहे तसा राहू दिला तर काय बिघडतं, त्याच्या पुढे नवा डबा जोडा. मार्तंड म्हणाला की नव्या ड्रायव्हरला सरळ घरची दोनशे तीसची वीज लागते, आधीच बारा करून दिली तर तो उपाशी राहील. छतातली जुनी वायर टोकाला उष्णतेनं कडक झाली होती, तेवढी कापून नवं टोक काढलं, जोड कनेक्टरमध्ये घट्ट आवळला. ड्रायव्हर दिव्याच्या डोक्यावर न ठेवता हातभर दूर सरकवला, कारण एलईडीची धग मागे जाते, तिला मोकळी हवा पाहिजे. प्लगावर कुंकवाचा एक कण बसला होता, तो त्यानं कोरड्या फडक्यानं टिपला. कडेवरची पाच बोटं मात्र तशीच राहू दिली. ती वर छताला टेकणार होती, कोणाला दिसणार नव्हती.

मेन सुरू झाली. दिवा लागला आणि लागलेला राहिला.

यमुताई घरी वाती करत होत्या. मार्तंड खिडकीतल्या शेवटच्या उजेडाकडे तोंड करून बसला आणि म्हणाला की सतरंजी आणली आहे, पण देवळातच अंथरली आहे.

त्या रागावल्या. मग म्हणाल्या की डोकं दुखतं. मग म्हणाल्या, मनोहररावांना पाठव, ते ऐकून सांगतील. मनोहरराव तेवढ्यात पुढे झाले. बायकोसमोर ते सहसा फार बोलत नसत. आज त्यांनी निर्माल्याची सगळी हकीकत सांगितली, काही न लपवता, झेंडू, शेवंती, गाडीवाला, सगळं. ओठ हलवायला ते मार्तंडसारखे सरावलेले नव्हते, त्यामुळे मध्येच हातांनी फुलं वाहून दाखवली, पिशवी उपडी करून दाखवली. यमुताई पाहत राहिल्या आणि शेवटी तोंडाला पदर लावला.

"डब्याले कुकू लावलं तुम्ही?"

मनोहररावांनी मान डोलावली.

"आणि खतात पाठवला." त्या उठल्या. "चला बाप्पा. एवढं करून दिवा लावला तं पाहून तरी येते. पाच मिन्टं बसीन."

त्या दिवशी अरुंधतीबाईंचा गळा मोकळा झाला होता. सुमंतरावांनी विचारलं, बाई म्हणाल्या काळी चार, आणि पेटीचा सूर वर चढला. उत्तररंगाला बाईंनी एका कुंभारणीची गोष्ट लावली होती. देवाच्या दारी पणत्या नेऊन देणारी, कधीही एक पणती कमी न देणारी आणि पुजाऱ्याशी रोज भांडणारी बाई. पुजारी आणि कुंभारीण दोघांची तोंडं अरुंधतीबाई स्वतःच करत होत्या. एकदा ओठ आवळून, एकदा गाल फुगवून, एकदा मान वाकडी करून. वरचा उजेड त्यांच्या कपाळावरून सरळ खाली येत होता. फोकसासारखा अंगावर येणारा नव्हता, हललाही नाही. त्यात भुवईचा एक केससुद्धा दिसत होता.

मार्तंड मागच्या भिंतीला टेकून उभा होता. सुरुवातीला तो सवयीनं दिव्याकडेच पाहत होता. अर्ध्या तासानं त्याच्या लक्षात आलं की दिव्याकडे पाहायचं काही कारण उरलेलं नाही. मग त्यानं खांबाकडे पाहिलं. पाच मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. यमुताई मान पुढे काढून बसल्या नव्हत्या, खांबाला पाठ टेकून बसल्या होत्या, हात मांडीवर मोकळे, आणि त्यांचे ओठ बाईंच्या ओठांबरोबर अगदी बारीक हलत होते.

कुंभारीण पुजाऱ्याला म्हणाली, "अरे, तुझा देव अंधारात बसला तर तुझी ढेरी कोण पाहील?" आणि बाईंनी ढेरीवरून असा हात फिरवला की सभामंडप खदखदून हसला. मार्तंडनं खांबावरची नजर काढली नव्हती. त्यानं पाहिलं, यमुताई हसल्या. लोकांकडे बघून नाही, लोकांच्या मागून नाही. सगळ्यांच्या सोबत, किंवा कदाचित अर्धी मात्रा आधीच.

त्यानं डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही. कीर्तनात पाणी येतंच, कोणी विचारत नाही.

आरतीनंतर मनोहरराव प्रसाद वाटत होते आणि प्रत्येकाला निर्माल्याची गोष्ट सांगत होते. दिवसभर लाजून झाल्यावर आता तीच गोष्ट त्यांना फार आवडायला लागली होती. मार्तंड सतरंजी उचलायला खांबापाशी गेला. यमुताईंनी त्याच्या हातावर हलकीच चापट मारली आणि सतरंजी स्वतः घडी करून खांबामागच्या कोनाड्यात, तिच्या जुन्या जागी ठेवली. मग दिव्याकडे बोट करून, मार्तंड पाहतो आहे याची खात्री करून म्हणाल्या,

"चौदा वर्षं या बाईचं कीर्तन ऐकून राहिली मी. तिचा एक दात सोन्याचा आहे, तुले माहीत होतं काय गा?"

मार्तंडला माहीत नव्हतं.